फुकटचे अकरा शेअर

माझी आई दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वडिलांचा पगार पाकिटांत भरत असे. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी ट्रंकेत, पातळांच्या खाली, ही पाकिटे असत. घरी आलेल्या लग्नपत्रिकांची पाकिटे उलटी करून, पुन्हा चिकटवून तिने ती तयार केली होती आणि प्रत्येकावर तिच्या ठसठशीत अक्षरात एकेक नाव होते : भाडे, दूध, वाणी, लाइट, शाळा, औषधे, दिवाळी. एखाद्या महिन्यात लाइटचे बिल अंदाजापेक्षा जास्त आले, तर ती दिवाळीच्या पाकिटातून चाळीस रुपये काढत असे. मात्र काढलेल्या नोटांच्या जागी ‘लाइटकडून येणे ४०’ अशी चिठ्ठी ठेवल्याशिवाय ट्रंकेचे झाकण लागत नसे. पुढच्या महिन्यात ते चाळीस रुपये दिवाळीकडे परत जात आणि चिठ्ठी फाडली जाई. एकाच ट्रंकेत एकाच बाईचे पैसे एकमेकांचे देणेकरी होऊन राहत असत.

पुढे मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात नोकरी केली आणि तिथे हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. कोणता खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, यावरून दोन विभागप्रमुखांमध्ये झालेली भांडणे मी मिटवली आहेत. कारखान्यात त्याला अर्थ होता, कारण प्रत्येक खात्याला जबाबदार माणूस वेगळा होता. आईच्या ट्रंकेत मात्र सगळी खाती तिचीच होती. तरीही तिची पद्धत मूर्खपणाची होती, असे मी कधीही म्हणणार नाही. त्या पगारात दिवाळीला आम्हाला नवे कपडे मिळाले ते केवळ त्या चिठ्ठ्यांच्या धाकामुळे. पाकीट हे स्वतःच्या हाताला घातलेले कुलूप असते आणि ज्याच्याकडे पैसे बेताचे असतात त्याला त्या कुलपाची गरज असते.

अडचण होते ती कुलूप गरजेच्या पलीकडे टिकून राहते तेव्हा. काही वर्षांपूर्वी मी गाडीसाठी तीन लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी घेतले आणि त्याच वेळी माझ्या नावावर सात टक्क्यांची तीन लाखांची ठेव होती. मी आयुष्यभर हिशेब केलेला माणूस. पहिल्याच वर्षी साधारण पाच-सहा हजार रुपयांचा फरक पडणार हे मला दिसत होते आणि ठेवीच्या व्याजावरचा कर त्यात धरलेलाही नव्हता. पण ती ठेव नातीच्या शिक्षणाची होती. ठेवीच्या पावतीवर तसे कुठेही लिहिलेले नव्हते; लिहिले होते ते फक्त माझ्या मनात.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या वहीला मेंटल अकाउंटिंग म्हटले आणि १९८५ च्या लेखात तिची रीतसर मांडणी केली. त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या विषयातले सर्वांत साधे आणि माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण मात्र त्याच्या आधीचे आहे. एमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना नाटकाच्या दहा डॉलरच्या तिकिटाविषयी दोन प्रकारे विचारले. ते आपण बालगंधर्वला आणून पाहू. समजा, तुम्ही नाटकाला निघालात आणि दाराशी पोहोचल्यावर लक्षात आले की वाटेत तिकिटाइतक्या किमतीची नोट पडली. तुम्ही तिकीट काढाल का? शंभरातल्या अठ्ठ्याऐंशींनी ‘हो’ म्हटले. आता समजा, तिकीट आधीच काढलेले होते आणि तेच हरवले. दुसरे काढाल का? या वेळी ‘हो’ म्हणणारे शंभरात शेहेचाळीस उरले. दोन्ही वेळा माणूस सारख्याच रकमेने गरीब झालेला आहे आणि दोन्ही वेळा समोरचा प्रश्न एकच आहे, की इतके पैसे देऊन हे नाटक पाहायचे का. फरक इतकाच की हरवलेली नोट ‘नाटक’ या खात्यावर पडत नाही आणि हरवलेले तिकीट पडते. त्यामुळे दुसऱ्या तिकिटाने ते नाटक एकदम दुप्पट महाग वाटू लागते.

पाकिटांची ही गोष्ट ऐकणाऱ्याला चटकन पटते, कारण प्रत्येकाच्या घरात अशी ट्रंक असतेच. मला स्वतःला अधिक विचारात पाडते ती त्याच्या शेजारची गोष्ट : नवे पाकीट उघडताना त्यावर पहिला आकडा कोणता पडतो? हिशेबनीस त्याला आरंभीची शिल्लक म्हणतात. पुढचा सगळा नफातोटा त्या आकड्यावरून मोजला जातो आणि तो आकडा चुकीच्या जागी पडला, तर पुढची बेरीज-वजाबाकी बिनचूक असूनही उत्तर चुकते. हे मला नीट उमगले ते आमच्याच घरात, चहाच्या टेबलावर.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका कारखान्याचा आयपीओ, म्हणजे लोकांसाठी शेअरची पहिली विक्री, आला होता. माझी पत्नी आणि कोथरूडला राहणारा माझा धाकटा भाऊ, दोघांनी त्यासाठी अर्ज केला. शेअरची किंमत ३०० रुपये, एक लॉट ४९ शेअरचा, म्हणजे प्रत्येकाचे १४,७०० रुपये. हल्ली हे पैसे अर्ज करताना खात्यातून जात नाहीत. ते बँकेत आपल्याच खात्यात अडवून ठेवले जातात, शेअर मिळाले तर कापले जातात आणि न मिळाले तर मोकळे होतात. लहान गुंतवणूकदारांसाठी राखलेल्या भागात मागणी फार झाली, तर मोठा अर्ज करणाऱ्यालाही एकच लॉट मिळतो आणि तेवढेही सगळ्यांना पुरत नसतील, तर कोणाला द्यायचे हे संगणकावरच्या सोडतीने ठरते. तशी सोडत झाली. पत्नीला लॉट लागला, भावाला लागला नाही. त्याचे १४,७०० रुपये त्याच्या खात्यात मोकळे झाले.

नोंदणीच्या दिवशी, म्हणजे शेअरचे बाजारात व्यवहार सुरू होणार होते त्या दिवशी, सकाळी भाऊ आमच्याकडे आला होता. तो बँकेतून निवृत्त झालेला आहे आणि शेअर बाजार त्याच्या फोनवर दिवसभर उघडा असतो. व्यवहारांआधीच्या सत्रात भाव ठरला आणि दहा वाजता व्यवहार सुरू झाले तेव्हा शेअर ३९० रुपयांवर होता.

“वहिनी, विकायची घाई करू नका,” तो म्हणाला. “कंपनी चांगली आहे. अजून चढेल.”

“मी कुठे विकतेय!” पत्नी म्हणाली. “पण मग भावजी, तुम्हीही घ्या ना आज. तुमचे पैसे तर मोकळेच झालेत.”

“आत्ता? तीनशेची वस्तू तीनशे नव्वदला घ्यायला मला काय वेड लागलंय?”

दोघेही हसले आणि विषय नोंदणीवरून पावसावर गेला. मी मात्र चहाचा कप तसाच धरून बसलो, कारण त्या दोघांचे एकमत होते आणि त्या एकमतातून दोघांनी नेमके उलटे निष्कर्ष काढले होते. भावाच्या मते शेअर ३९० च्या वर जाणार होता. तसे असेल तर तो आज घेण्यासारखा आहे. तो घेण्यासारखा नसेल, तर वहिनीने ठेवण्यासारखाही नाही. बाजार उघडा असताना, शेअर हातात असणे आणि ३९० रुपये हातात असणे यांत फक्त बटण दाबण्याचे अंतर असते. जो ठेवतो तो प्रत्येक दिवशी त्या दिवसाच्या भावाने विकत घेतच असतो. पण पत्नीच्या मनातले खाते ३०० वर उघडले होते आणि भावाचे ३९० वर उघडणार होते. उद्या भाव ३५० झाला, तर तिच्या वहीत अजून पन्नास रुपयांचा नफा राहणार होता आणि त्याच्या वहीत चाळीस रुपयांचा तोटा पडणार होता. एकाच शेअरची एकच घसरण तिला थोडा कमी झालेला लाभ म्हणून दिसणार होती आणि त्याला जखम म्हणून. कानेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ पासून दाखवून दिले आहे की तोटा तेवढ्याच लाभापेक्षा जास्त, साधारण दुपटीने, टोचतो. तेव्हा भाऊ का कचरला हे उघड आहे.

पण पत्नीने का विकले नाही, याचे उत्तर एवढ्याने पुरे होत नाही. तिच्यासाठी विकणे म्हणजे ४,४१० रुपयांचा लाभ पदरात पाडून घेणे होते. तरी तिला ते काहीतरी सोडल्यासारखे वाटत होते. “आपल्याला लागलेत,” असे ती म्हणाली, जणू सोडतीने शेअरच्या मागे तिचे नाव लिहून दिले होते. जे आपल्याकडे आले ते परत देणे हा तोटा वाटतो, आणि म्हणून आपण आपल्या वस्तूला इतकी किंमत मागतो, जितकी तीच वस्तू विकत घ्यायला आपण स्वतःही दिली नसती. याला थेलर यांनी १९८० मध्ये एंडाउमेंट इफेक्ट असे नाव दिले. मराठीत मी त्याला मालकीचा मोह म्हणतो. कोणाला दुसरा चांगला शब्द सुचला तर तो मला चालेल.

या मोहाची प्रयोगशाळेतली परीक्षा कॉफीच्या मगांवर झाली. कानेमन, जॅक नेच आणि थेलर यांचा १९९० चा लेख प्रसिद्ध आहे, पण त्यातला जो भाग बहुतेक जण सांगतात त्यापेक्षा दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो. नेहमी सांगितला जातो तो असा, की वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना मग दिले, उरलेल्यांना दिले नाहीत, आणि विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास निघाली. यावर शंका घेता येते. ज्याला मग मिळाला तो थोडा श्रीमंत झाला, त्यामुळे त्याची मागणी वाढली असेल. म्हणून कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांनी तिसरा गट केला. या गटाला मग दिला नाही. प्रत्येक किमतीला ‘तुला मग हवा की इतके पैसे?’ एवढेच विचारले. नीट पाहिले तर या गटाची आणि विकणाऱ्यांची स्थिती पैशाच्या दृष्टीने तंतोतंत सारखी आहे. दोघेही घरी जाताना एक तर मग नेतील किंवा पैसे नेतील. कोणाच्याही खिशातून काही जाणार नाही. तरीही विकणाऱ्यांची मधली किंमत ७.१२ डॉलर आली आणि निवड करणाऱ्यांची ३.१२. स्वतःच्या खिशातून विकत घेणारे २.८७ वर होते. म्हणजे निवड करणारे जवळजवळ खरेदीदारांसारखेच वागले. एकटे पडले ते विकणारे, आणि त्यांच्यात वेगळे होते ते एवढेच, की मग काही मिनिटे त्यांच्या समोर, त्यांचा म्हणून, ठेवलेला होता.

मगांच्या पलीकडे, खऱ्या पैशांत आणि खऱ्या बाजारात, हे तपासायचे तर एक मोठी अडचण असते. ज्याच्याकडे एखादी वस्तू आहे त्याने ती बहुधा आवडली म्हणूनच घेतलेली असते. मग तो ती सोडत नाही यात नवल ते काय? आवड आणि मालकी वेगळ्या करायच्या तर वस्तू चिठ्ठ्या टाकून वाटावी लागेल. आपल्या देशातली आयपीओची सोडत नेमके हेच करते आणि हे संतोष अनागोल, विमल बालसुब्रमण्यम आणि तरुण रामदोराई या तीन अभ्यासकांच्या लक्षात आले. त्यांनी पंधरा लाख भारतीय गुंतवणूकदारांच्या नोंदी घेऊन २०१८ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. अर्ज सगळ्यांनी केला होता, म्हणजे आवड सगळ्यांना होती. शेअर लागले की नाही हे केवळ नशिबाने ठरले होते. बाजारात शेअर आल्यावर ज्यांना लागले नाहीत त्यांना ते विकत घेता येत होते आणि ज्यांना लागले त्यांना विकता येत होते. लोक निव्वळ भावाकडे पाहून वागले असते, तर काही आठवड्यांत दोन्ही गटांतल्या शेअरधारकांचे प्रमाण सारखे व्हायला हवे होते. पण महिन्याच्या शेवटी ज्यांना लागले होते त्यांतल्या निम्म्याहून बऱ्याच अधिक लोकांकडे ते शेअर होते, आणि ज्यांना लागले नव्हते त्यांतल्या शंभरात एखाद्याकडेच. सहा महिन्यांनी, इतकेच काय चोवीस महिन्यांनीही, दोन गटांतले अंतर मिटलेले नव्हते.

हे वाचले तेव्हा मला आमचे चहाचे टेबल आठवले. एका बाजूला पत्नी, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि मध्ये संगणकाने काढलेली चिठ्ठी.

साहजिक शंका अशी, की यात मोह वगैरे काही नसून निव्वळ आळस आहे. लागले तर पडून राहिले, नाही लागले तर कोण उठून घेणार! अभ्यासकांनी ही शंका तपासण्यासाठी ज्यांची बाजारात सतत उलाढाल चालू असते अशा लोकांना वेगळे काढून पाहिले. त्यांच्यातही अंतर दिसले. पूर्वी पुष्कळ आयपीओंत भाग घेतलेल्यांमध्ये ते कमी होते, पण नाहीसे झालेले नव्हते. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट यांनी अमेरिकेत खेळाडूंच्या चित्रपत्त्यांच्या बाजारात जे पाहिले ते याच दिशेचे आहे : नवखा ग्राहक हातातली वस्तू बदलून घ्यायला तयार होत नाही, तर त्याच धंद्यात मुरलेला दुकानदार ती निर्विकारपणे बदलून टाकतो. दुकानदाराच्या मनात वस्तू ‘माझी’ म्हणून नोंदलेलीच नसते, ती ‘माल’ म्हणून नोंदलेली असते. लक्ष्मी रस्त्यावरचा साडीवाला दुकानातली साडी विकताना हळहळत नाही, हे सांगायला तशी प्रयोगाची गरज नाही.

दुसरी शंका अधिक नेमकी आहे. चार्ल्स प्लॉट आणि कॅथरिन झायलर यांनी २००५ मध्ये मगांचाच प्रयोग जास्त काळजीपूर्वक केला, लोकांना आधी पद्धत समजावली, सराव दिला, उत्तरे गुप्त ठेवली, आणि विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या किमतींतले अंतर जवळजवळ नाहीसे झाले. त्यांचे म्हणणे असे, की लोक अशा प्रयोगांत सवयीने घासाघीस करतात. हा आक्षेप मला मानावासा वाटतो. जुन्या बाजारात जुना पंखा विकायला बसलेला माणूस मनातली किंमत कधीच पहिल्यांदा सांगत नाही. पण आयपीओच्या अभ्यासात कोणाला किंमत विचारलेलीच नव्हती. पाहिले ते फक्त कोणाच्या खात्यात शेअर उरले आहेत, आणि त्या बाजारात भाव पडद्यावर लिहिलेला असतो, त्याच्याशी घासाघीस चालत नाही.

तिसरी शंका माझी स्वतःची होती, कारण जन्मभराची सवय : कर. पत्नी जे करते आहे त्याला मोह म्हणण्याआधी कराचा हिशेब करायला हवा होता. बारा महिन्यांच्या आत विकले तर नफ्यावर वीस टक्के कर. ४,४१० रुपयांवर ८८२, वर उपकराचे ३५, शिवाय दलाली आणि किरकोळ आकार. सगळे विकून तिच्या हातात १९,११० नव्हे, तर साधारण १८,१५० रुपये आले असते. म्हणजे शेअरमागे सुमारे ३७०. भावाला मात्र आत शिरायला ३९० मोजावे लागणार होते. तेव्हा शेअरची खरी योग्यता ३७० ते ३९० च्या मध्ये कुठेतरी आहे असे दोघांचेही मत असेल, तर तिने ठेवणे आणि त्याने न घेणे दोन्ही बिनचूक ठरते. हा वीस रुपयांचा पट्टा मी त्यांना पूर्णपणे मोकळा सोडायला तयार होतो. खरे तर तो त्याहून थोडा अरुंदच आहे, कारण आज वाचवलेला कर उद्या भरावा लागू शकतो.

म्हणून मी दोघांना आकडा विचारला. पत्नी म्हणाली, साडेचारशेच्या खाली विकणार नाही. भाऊ थोडा विचार करून म्हणाला, तीनशे तीसपर्यंत उतरला तर घेईन. साडेचारशे वजा तीनशे तीस म्हणजे एकशे वीस. वीस रुपये कराने समजावता येतात. उरलेल्या शंभरांना माझ्या ओळखीचे कोणतेही खाते नव्हते. दोघांनी एकच माहितीपत्रक वाचले होते, दोघांचा सल्लागार एकच, आणि बऱ्याचदा तो सल्लागार म्हणजे भाऊच.

मी पत्नीला विचारले, “समज, रात्री कोणीतरी तुझे सगळे शेअर विकून टाकले आणि सकाळी खात्यात अठरा हजार शंभर ठेवले. तू सकाळी उठून त्याच पैशांचे तेच शेअर परत घेशील?”

ती काही वेळ गप्प राहिली. “परत कशाला घेईन? पण असं कोणी विकलं तर मी त्याला सोडणार नाही,” ती म्हणाली.

या उत्तरात एंडाउमेंट इफेक्टचे सगळे शास्त्र आले आहे असे मला वाटते. आणि इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण या विषयावर लिहिणारे पुष्कळदा ती विसरतात. पत्नीच्या आजीच्या पाटल्या तिच्याकडे आहेत आणि सराफाने सोन्याच्या भावाच्या तिप्पट पैसे दिले तरी ती त्या विकणार नाही. तो मोह नव्हे, ती आवड आहे. कोणी रात्री त्या पाटल्या विकून पैसे ठेवले, तर ती सकाळी तेच पैसे घेऊन त्याच पाटल्या शोधत सबंध पेठ पालथी घालेल. वस्तू गेल्यावर ती पुन्हा मिळवायला माणूस निघतो की नाही, यावरून आवड आणि मोह वेगळे ओळखता येतात. शेअरच्या मागे कोणी निघत नाही. एका कंपनीचा एक शेअर दुसऱ्यासारखाच असतो.

प्रश्न विचारून मी काही बदलले, असे मात्र नाही. त्या आठवड्याच्या शेवटी, भाव पुन्हा ३९० च्या आसपास असताना, पत्नीने स्वतःच तोडगा काढला. तिने अडतीस शेअर विकले. अडतीस गुणिले तीनशे नव्वद, १४,८२० रुपये. “मुद्दल काढून घेतलं,” ती म्हणाली. “आता उरलेले अकरा फुकटचे. राहू देत पडून.”

हे वाक्य मी बाजारात वावरणाऱ्या इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचे आश्चर्य वाटू नये, पण ते पाहण्यासारखे आहे. अडतीस शेअर ‘मुद्दल’ या पाकिटात गेले आणि अकरा ‘लाभ’ या पाकिटात. शेअर सगळे सारखेच; कोणत्या अडतिसांत मुद्दल होते आणि कोणत्या अकरांत नफा, हे शेअरला ठाऊक नसते. प्राप्तिकर खात्याची वाटणीही निराळी : त्याच्या लेखी विकलेल्या प्रत्येक शेअरमागे नव्वद रुपये नफा झाला होता, एकूण ३,४२०, आणि त्यावर ६८४ रुपये कर, अधिक उपकर, देणे लागत होता. म्हणजे ‘काढून घेतलेले’ मुद्दल प्रत्यक्षात पूर्ण निघालेलेच नव्हते. तो कर कोणत्या पाकिटातून जाणार, हे तिने ठरवलेले नव्हते. आईने निदान चिठ्ठी ठेवली असती.

आणि ते अकरा? बाजारभावाने ४,२९० रुपये. थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये याच प्रकाराचा अभ्यास केला होता. नुकताच जिंकलेला पैसा अजून आपला झालेला नसतो, तो जुगाराच्या अड्ड्याचाच असतो, अशा भावनेने माणूस त्यावर एरवी घेणार नाही तेवढी जोखीम घेतो. इथे मालकीचा मोह आणि मनातली वही एकमेकांवर कशी कुरघोडी करतात ते दिसते. सगळे एकोणपन्नास ‘आपल्याला लागलेले’ होते तेव्हा ते सोडवत नव्हते; मुद्दल बाजूला काढताच उरलेले अकरा इतके परके झाले, की त्यांचे काहीही झाले तरी चालेल. भाव तोच, शेअर तेच. बदलली ती फक्त आरंभीची शिल्लक : तीनशेवरून ती शून्यावर आली, आणि शून्यावरून खाली पडायला जागाच नसते.

पत्नीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सगळे ठेवण्यापेक्षा अडतीस विकण्याने तिची जोखीम खरोखर कमी झाली आणि तिला शांत झोप लागली. तिचा निर्णय वाईट नव्हता. फक्त अडतीस हा आकडा कंपनीविषयी काही सांगत नाही. तो येतो १४,७०० ला ३९० ने भागून. तिला लॉट ३५० रुपयांना लागला असता, तर तिने कंपनीविषयी तेच मत ठेवून चव्वेचाळीस विकले असते.

दिवाळीच्या आधी शेअर ३५२ वर उतरला. अकरांमागे अडतीस-अडतीस रुपये गेले, एकूण ४१८. मी ते संध्याकाळी मंडईला जाताना तिला सांगितले, तर ती म्हणाली, “जाऊ देत, फुकटचेच होते.” मंडईत गवार चाळीस रुपये पाव होती. शेजारच्या गाळ्यावर पस्तीस ऐकलेली असल्यामुळे ती पाच रुपयांसाठी त्या मावशींशी बराच वेळ बोलत उभी राहिली, पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली, दोन पावले परत फिरल्यासारखे केले, आणि शेवटी पस्तीसलाच घेतली. येताना रिक्षात तिचा चेहरा चांगला खुललेला होता.

रात्री भावाचा फोन आला. भाव ३५२ झाल्याचे त्याने पाहिले होते. आता घेतोस का, असे मी विचारले. नाही, तो म्हणाला, मी तीनशे तीस म्हटलंय.